मेल्यावर तराजूत नक्की कुठलं पारडं खाली जायला हवं? (इजिप्त, पारशी, आपला यम वगैरे)

अनुराधा_क

एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढतेय. इजिप्तचं ते फेमस चित्र बहुतेकांनी पाहिलं असेल, कोल्ह्याच्या तोंडाचा देव तराजूपाशी गुडघ्यावर बसलाय, एका पारड्यात मेलेल्या माणसाचं काळीज आणि दुसऱ्यात एक पीस, आणि बाजूला तो मगरीच्या तोंडाचा प्राणी जिभल्या चाटत बसलेला. जिथे बघावं तिथे खाली एकच कॅप्शन असतं की काळीज पिसापेक्षा हलकं निघालं तर स्वर्ग आणि जड निघालं तर गेलं मगरीच्या पोटात. आता मी ब्रिटिश म्युझियमच्या साइटवर अनी नावाच्या माणसासाठी केलेल्या पपायरसचा, म्हणजे त्याच्याबरोबर पुरायच्या मंत्रांच्या गुंडाळीचा, फोटो पार मोठा करून बघितला तर दांडी सरळ आहे हो! ना इकडे ना तिकडे. मग हलकं-जड हे आलं कुठून?

आणि त्यावरून पुढचा प्रश्न असा की बाकीच्या धर्मांमध्ये सुद्धा मेल्यावर तराजू आहे म्हणतात, तर तिथे काय हवं असतं, पुण्याचं पारडं खाली जायला हवं की वर? आपल्याकडे तर चित्रगुप्ताची वहीच ऐकली आहे, तराजू ऐकला नाही. जाणकारांनी सांगा.

घाटावरचा

सोप्पं आहे की. पाप जड असतं म्हणून पापी माणसाचं काळीज जड होतं, पिसाइतकं हलकं म्हणजे निष्पाप. सगळीकडे तेच आहे, मन हलकं झालं असं आपण म्हणतोच ना. चित्रकाराला तिरका तराजू काढायला जमला नसेल, त्यांची चित्रं तशीही सगळी सरळसोट असतात.

सुहास२१

आत्म्याचं वजन 21 ग्रॅम असतं हे सायन्सने सिद्ध झालंय. अमेरिकेत एका डॉक्टरने मरणाऱ्या पेशंटना काट्यावर ठेवून मोजलं होतं. म्हणजे हे जुने लोक उगाच नव्हते तराजू काढत, त्यांना माहीत होतं.

मैत्रेयी_प

सुहास, ते डंकन मॅक्डूगल, 1907 सालचं प्रकरण. एकूण सहाच पेशंट, त्यातले दोन त्याने स्वतःच बाद केले, आणि 21 ग्रॅमच्या आसपासचा आकडा फक्त पहिल्या एकाचा. उरलेल्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. सिद्ध वगैरे काही झालं नाही. शिवाय अनुराधाचा प्रश्न आत्म्याच्या वजनाचा नाहीच आहे, इजिप्तमध्ये आत्मा तोलतच नाहीत, काळीज तोलतात. त्याच अनीच्या चित्रात त्याचा आत्मा माणसाच्या डोक्याचा पक्षी होऊन तराजूच्या पलीकडे नुसता बघत उभा आहे.

आता मूळ मुद्दा. घाटावरचा, चित्रकाराला सगळं जमत होतं. अनीचा पपायरस ख्रिस्तपूर्व 1250 च्या सुमाराचा, जवळजवळ 24 मीटर लांब, आणि त्यातलं हे पान म्हणजे कारागिरीचा कळस आहे. अनुबिस, म्हणजे तो कोल्ह्याच्या तोंडाचा देव, काय करतोय ते नीट बघा. तो पारड्यांकडे बघतच नाहीये. तराजूच्या खांबावर, दांडीच्या मधोमध एक ओळंबा सोडलेला आहे, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला लावतो तसलाच, आणि अनुबिसचा हात त्या ओळंब्यापाशी आहे. तो बघतोय की दांडी पातळीत आली का. पीस म्हणजे माआत, सत्य म्हणा, नीट चाललेली जगाची व्यवस्था म्हणा. काळीज तिच्या बरोबरीत आलं की झालं. हलकं निघालं म्हणून कुणी शाबासकी देणार नाही.

निकालाचं वाक्यही तिथेच लिहिलेलं आहे. थोथ, तो शराटी पक्ष्यासारख्या लांब चोचीचा लेखनिक, देवसभेला सांगतो की याचं काळीज तोललं, महातराजूवर याची बाजू खरी ठरली, याच्यात पाप सापडलं नाही. 'हलकं' हा शब्द कुठेही नाही.

दुकानदार_नगर

धाग्यावर पहिल्यांदाच लिहितोय. आमचं पिढीजात किराणा दुकान, आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे पण आजोबांची तागडी अजून माळ्यावर आहे. ताई, तुम्ही ओळंब्याचं बोललात ते वाचून चित्र उघडून बघितलं. तो कोल्हेवाला देव जे करतोय ते कुठल्याही तोलणाऱ्या माणसाला लगेच कळेल. रिकामा काटा आधी सरळ आहे का बघायचा, नसला तर धडा करून घ्यायचा, म्हणजे ज्या बाजूला उणं आहे तिथे चिंधी नाहीतर खडा बांधायचा आणि मग माल टाकायचा. पासंग असलेल्या तागडीवर तोललं की गिऱ्हाईक बुडालं नाहीतर दुकानदार बुडाला. आणि दांडी मारायच्या शंभर ट्रिका असतात, करंगळी लावायची, पारडं हलत असतानाच उचलून घ्यायचं, पारड्याच्या बुडाला चिंच चिकटवायची.

तर माझा प्रश्न असा की तिथे काटा तपासणारा कोण? वजनमापवाले आमच्याकडे येऊन शिक्का मारतात तसं त्या देवाच्या काट्यावर कोण शिक्का मारणार? कारण चित्रात तो देव स्वतःच तोलतोय आणि स्वतःच काटा धरतोय.

मैत्रेयी_प

दादा काय प्रश्न विचारलात! शिक्का मारणारा कुणी नाही, पण मेलेल्या माणसाला त्याच सभागृहात जी कबुली द्यावी लागते, म्हणजे 'मी हे केलं नाही, मी ते केलं नाही' अशी लांबलचक यादी, त्यात तुमचा धंदा आहे. मी मापात घट केली नाही, मी शेताची हद्द कमी केली नाही, मी वजनांत भर घातली नाही, मी तराजूच्या ओळंब्याशी खेळलो नाही. त्यानंतर लगेच येतं की मी मुलांच्या तोंडचं दूध काढून घेतलं नाही, वाहत्या पाण्याला बांध घातला नाही. म्हणजे ज्याला काट्यावर चढायचंय त्याने आधी सांगायचं की मी कुणाचा काटा मारला नाही. बाजारातली तागडी आणि मेल्यावरची तागडी एकाच जातीची होती त्यांच्या डोक्यात.

पण खरी गंमत पुढे आहे. ही कबुली दोनदा आहे, एकदा परलोकाचा राजा असलेल्या ओसायरिससमोर आणि एकदा 42 परीक्षकांसमोर, प्रत्येकाला नावाने आणि गावाने हाक मारायची, हे हाडं मोडणाऱ्या, अमक्या गावाहून आलेल्या, मी खोटं बोललो नाही. नाव माहीत असलं की त्याची तुमच्यावरची सत्ता गेली. आणि ती नावं पपायरसात लिहूनच दिलेली असतात! म्हणजे पेपर आणि उत्तरपत्रिका दोन्ही तिरडीवर. बरेच पपायरस तर आधीच लिहून ठेवलेले असायचे, नावाची जागा कोरी, गिऱ्हाईक आलं की नाव घालायचं. अनीच्यातही काही भाग असे तयार घेऊन जोडलेत असं मानतात.

मीठमिरची

मग ही परीक्षा कसली, हे तर सरळ सेटिंग झालं 😄 पैसेवाल्याने पपायरस विकत घ्यायचा आणि सुटायचं. आपल्याकडे तेराव्याला गोदान करून वैतरणी पार, तसंच.

मैत्रेयी_प

मीठमिरची, अजून सेटिंग ऐका. मेलेल्याच्या छातीवर दगडाचा एक भुंगेरा ठेवायचे आणि त्याच्या पोटावर मंत्र कोरायचे, तो मंत्र चक्क काळजालाच उद्देशून आहे. माझ्या आईकडून मिळालेल्या माझ्या काळजा, माझ्याविरुद्ध साक्षीला उभा राहू नकोस, तराजू राखणाऱ्यासमोर माझ्या विरोधात जाऊ नकोस. कारण ममी करताना मेंदू फेकून देत, आतडी वेगळी काढून ठेवत, पण काळीज आतच ठेवत, विचार आणि आठवण त्याच्यात असते म्हणून. म्हणजे साक्षीदार शरीरातच बसलाय आणि त्याला गप्प करायचंय.

याला फसवणूक म्हणायचं की नाही यावर अभ्यासकांत वाद आहेत. एक मत असं की मंत्राने सगळं निभावतं म्हणजे नीतीचा भाग नुसता दिखाऊ. दुसरं मत असं की कबुली म्हणणं हाच शुद्धीचा विधी होता, माणूस ती म्हणता म्हणता पापापासून वेगळा होतो. मला दुसरं जास्त पटतं, कारण त्या मजकुराच्या सुरुवातीलाच लिहिलंय की हे माणसाला त्याच्या पापांपासून वेगळं करण्यासाठी आहे. पण भुंगेऱ्याचं काय करायचं ते मात्र त्यात बसत नाही हे मान्य.

एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या चित्रांत ती मगरवाली अम्मित, तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं, कधीच कुणाला खाताना दिसत नाही. ती कायम उपाशीच बसलेली. साहजिक आहे, स्वतःच्या पैशाने काढून घेतलेल्या चित्रात स्वतःला खाल्लेलं कोण काढून घेईल.

जोशीबुवा

अनुराधाताई, आपल्याकडे तराजू नाही म्हणता ते बरोबर नाही. शतपथ ब्राह्मणाच्या अकराव्या कांडात आहे. यज्ञवेदीची दक्षिणेकडची कड हीच तुला आहे, माणूस चांगलं करतो ते वेदीच्या आत, वाईट करतो ते बाहेर, आणि त्या कडेला स्पर्श करून बसावं कारण परलोकी त्याला तुलेवर ठेवतात आणि जे वर जाईल त्याच्या मागे तो जातो, चांगलं असो की वाईट. जो हे जाणून इथेच तुलेवर चढतो त्याला तिथे चढावं लागत नाही. म्हणजे चित्रगुप्ताची गोष्ट रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

अनुराधा_क

थांबा थांबा जोशीबुवा, 'जे वर जाईल त्याच्या मागे'? म्हणजे वर जाणारं पारडं जिंकतं? वर तर हलकं पारडं जातं. मग पुण्य कमी असलं तर ते वर जाणार आणि तुम्ही पुण्यामागे जाणार? डोकं गरगरलं.

जोशीबुवा

मलाही ते कोडंच वाटतं. एक मार्ग असा की तिथे दोन ढिगांची तुलना नाहीच, हलकं म्हणजे वर, वर म्हणजे स्वर्गाकडे, इतकाच अर्थ. पाप जड, खाली ओढणारं. त्याला पुष्टी मिळते ती कोर्टातल्या तुलेवरून. याज्ञवल्क्यस्मृतीत आरोपीचं खरंखोटं ठरवायची पाच दिव्यं सांगितली आहेत, तुला, अग्नी, जल, विष, कोश. तुला कुणासाठी, तर स्त्रिया, मुलं, म्हातारे, आंधळे, पांगळे, ब्राह्मण आणि आजारी यांच्यासाठी, म्हणजे ज्यांना विस्तव हातात द्यायचा नाही किंवा पाण्यात बुडवायचं नाही ते. आरोपीला एकदा तोलायचं, दगडमातीची बरोबरी करून दांडी सरळ करायची, खूण करायची, उतरवायचं. मग तो तुलेलाच हात जोडून म्हणतो की तू सत्याचं घर आहेस, देवांनी पूर्वी तुला घडवलं, मी पापी असेन तर आई मला खाली ने, शुद्ध असेन तर वर ने. आणि पुन्हा चढायचं. वर गेला तर सुटला, खाली गेला तर दोषी. बरोबरच राहिला तर काय, यावर स्मृतिकारांचं एकमत नाही.

घाटावरचा

बघा! मी तेच म्हणत होतो. पाप जड.

कोपनहेगनकर

घाटावरचा, एवढ्यात उड्या मारू नका. ह्युएनत्संग सातव्या शतकात भारतात आला होता, त्याने ही तुलापरीक्षा लिहून ठेवलीय आणि त्याचं नेमकं उलटं आहे. माणूस एका पारड्यात, दगड दुसऱ्यात, निर्दोष असेल तर माणूस खाली जातो आणि दगड वर, दोषी असेल तर माणूस वर. अल बिरुनीने 1030 च्या सुमाराला लिहिलंय, त्याच्याकडेही दुसऱ्यांदा तोलताना खरं बोलणारा माणूस आधीपेक्षा जड भरतो. दोन परदेशी माणसं, मध्ये चारशे वर्षं, दोघांचं म्हणणं एक आणि स्मृतीचं दुसरं. आता जोशीबुवा सांगा, लोक प्रत्यक्षात काय करत होते?

जोशीबुवा

दोघांनी ऐकीव लिहिलं असेल असं सहज म्हणता येईल, पण दोघंही एकाच बाजूला चुकतील का? असंही होऊ शकतं की प्रांताप्रांतात रीत वेगळी होती आणि स्मृती एकाच बाजूची आहे. माझ्याकडे याचं उत्तर नाही. पण संस्कृत ग्रंथांपुरतं वर म्हणजे शुद्ध, याबद्दल शंका नाही.

दुकानदार_नगर

जोशीबुवा, तुमच्या पद्धतीत एक व्यवहारातली अडचण आहे. तोच माणूस, तीच तागडी, दोन तोलण्यांमध्ये जरा वेळ गेला. मध्ये त्याने पाणी प्यायलं की जड, घाम गेला किंवा लघवीला जाऊन आला की हलका. काटा नाजूक असला की तेवढ्यानेही फरक दिसतो. म्हणजे ज्याच्या हातात वेळ आणि तांब्या त्याच्या हातात निकाल.

जोशीबुवा

म्हणूनच तोलणारे जाणकार हवेत असं सांगितलंय, सोनार, वाणी वगैरे तुलेचं काम करणारे. म्हणजे तुमच्यासारखेच लोक बोलावत असत.

दुकानदार_नगर

म्हणजे आमच्या लोकांवर विश्वास होता तर. आता नसतो 😂

पल्लवी_स

मला जरा वेगळं विचारायचंय. माझे सासरे मागच्या वर्षी गेले, दिवसांत गुरुजींनी गरुडपुराण वाचलं आणि त्यातली यममार्गाची वर्णनं ऐकून सासूबाई इतक्या घाबरल्या की रात्र रात्र झोपेनात. 86 हजार योजनं रस्ता, सोळा नगरं, पू आणि रक्ताची वैतरणी. गाय दान केली नाही, पैसे दिले होते त्याऐवजी, तर ते आता नदीच्या अलीकडेच अडकले असतील का असं विचारत होत्या. यात तराजू कुठे येतो का हो? म्हणजे त्यांना सांगता येईल की तिथे न्याय होतो, नुसतं गाय आहे की नाही बघत नाहीत.

जोशीबुवा

पल्लवीताई, गरुडपुराणाच्या त्या प्रचलित पाठात काटा नाही, पण विचारपूस आहे. यम चित्रगुप्ताला विचारतो, चित्रगुप्त श्रवणांना विचारतो. हे श्रवण म्हणजे ब्रह्मदेवाचे पुत्र, तिन्ही लोकांत फिरणारे, लांबून ऐकू येणारे आणि लांबून दिसणारे, माणूस एकांतात काय बोलला तेही त्यांना ठाऊक. म्हणजे निवाडा साक्षीपुराव्यावर होतो, दानाची पावती बघून नाही. आणि त्याच ग्रंथात स्वतः केलेलं पुण्य, सत्य, दया याचं वर्णनही भरपूर आहे, ते दहा दिवसांत वाचायचं राहून जातं बहुतेकदा. सासूबाईंना धर्मराजाच्या नगराचा अध्याय वाचून दाखवा, त्यात पुण्यवान लोक सभेत मानाने बसलेले आहेत. मात्र दानाचं माहात्म्यही त्यात जागोजागी आहे हे खोटं सांगता येणार नाही.

मीठमिरची

तुलसीपत्राची गोष्ट विसरलात सगळे! सत्यभामेचं सगळं सोनं एका पारड्यात आणि कृष्ण दुसऱ्यात, हलेना, आणि रुक्मिणीने एक तुळशीचं पान ठेवलं की कृष्णाचं पारडं वर. इजिप्तचं पीस आणि आपलं तुळशीपान, सेम टू सेम.

मैत्रेयी_प

पान आणि पीस दोन्ही हलकी एवढंच साम्य. तिथे कुणाचा निवाडा नाही आणि कुणी मेलेलं नाही. शिवाय तुळशीपान जड भरतं म्हणूनच गोष्ट आहे, पीस जड भरत नाही.

रुस्तम_दादर

मी पारसी आहे, मराठी शाळेत शिकलो म्हणून इथे वाचत असतो. आमच्याकडे तराजू पक्का आहे. मेल्यानंतर तीन रात्री आत्मा इथेच शरीराच्या जवळ असतो, म्हणून तीन दिवस प्रार्थना, आणि चौथ्या दिवशी पहाटे, आम्ही चहारुम म्हणतो, तो चिनवत पुलाकडे जातो. तिथे मेहेर, सरोष आणि रश्न हे न्याय करणारे तीन फरिश्ते असतात आणि रश्नच्या हातात सोन्याचा तराजू. लहानपणी दस्तुरजींनी सांगितलेलं आठवतं की त्याचा काटा केसभरसुद्धा कलत नाही, राजा असला तरी आणि सगळ्यात गरीब असला तरी. नंतर मेनोग-ई-ख्रद या आमच्या जुन्या ग्रंथामध्ये पण हेच वाचलं, नेक माणसासाठी नाही, पाप्यासाठी नाही, राजांच्या राजासाठीही नाही. नगरच्या भाईंनी विचारलं ना काटा कोण तपासणार, तर आमचं उत्तर हेच की तोलणाराच असा आहे जो कुणाला बघत नाही.

आमच्यात पुण्य जास्त भरलं की पूल रुंद होतो, नऊ भाले आडवे मावतील एवढा, आणि पाप जास्त असलं तर वस्तऱ्याची धार. आणि दोन्ही बरोबर झालं तर हमिस्तगान नावाची जागा आहे, तिथे ना स्वर्ग ना नरक, त्रास एवढाच की कधी थंडी वाजते कधी गरम होतं. मला तर वाटतं आपण बहुतेक सगळे तिथेच जाणार, मुंबईच्या हवेची सवय आहेच.

अनुराधा_क

रुस्तमजी, हे भारी आहे. म्हणजे तुमच्याकडे बरोबरी झाली की मधेच लटकलात, आणि इजिप्तमध्ये बरोबरी झाली की पास! एकाच सरळ दांडीचे दोन उलटे निकाल.

मैत्रेयी_प

अनुराधा, बरोबर पकडलंस, कारण पारड्यात टाकलेल्या वस्तू वेगळ्या आहेत. अनीच्या चित्रात काळीज विरुद्ध सत्य, म्हणजे एक माणूस आणि एक प्रमाण. प्रमाणाशी जुळलं की पास. पारशी पद्धतीत, आणि कुराणातल्या मीझान या तराजूमध्येही, माणसाची स्वतःची कृत्यं तोलली जातात. ज्यांची पारडी जड त्यांना सुखाचं जिणं, ज्यांची हलकी त्यांचं ठिकाण खोल खड्ड्यात, असं कुराणाच्या 101 व्या सुऱ्यात आहे. घाटावरचा, तिथे जड म्हणजे चांगलं आहे बरं का. तिबेटी बार्दोमध्ये, म्हणजे मरण आणि पुढचा जन्म यांच्यामधल्या अवस्थेत, तर तोलणंच सोडून मोजणं आहे, यमासमोर एक जण पांढरे खडे मोजतो आणि एक काळे, माणूस खोटं बोलायला लागला की यम कर्माच्या आरशात बघतो. तिथे भुंगेऱ्याचा मंत्र चालणार नाही.

आणि खरी मजा ही की इजिप्तमध्येच पुढे हा बदल झाला, त्याची एक गोष्ट आहे ती सांगतेच. राजपुत्र सेतनेची. हा खराखुरा होता, दुसऱ्या रामसेसचा मुलगा खाएमवासेत, पण गोष्ट त्याच्यानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेली, रोमन काळात. आज जी प्रत आहे ती जमिनीच्या जुन्या ग्रीक सरकारी नोंदींच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलीय, त्या नोंदी इसवी 46-47 च्या.

सेतने आपल्या लहान मुलाबरोबर, सी-ओसायरिसबरोबर, खिडकीतून बघत असतो. एका श्रीमंताची प्रेतयात्रा, प्रचंड रडारड, मान, थाटमाट. मग एका गरिबाचं प्रेत, चटईत गुंडाळलेलं, मागे रडायला कुणी नाही. सेतने म्हणतो श्रीमंताचं मरण किती चांगलं. मुलगा म्हणतो, परलोकात त्या गरिबाचं जे होईल तेच तुमचं होवो. बाप चिडतो, दुखावतो. मग मुलगा त्याला परलोकात घेऊन जातो, एकामागून एक दालनं. एका ठिकाणी लोक दोर वळतायत आणि मागून गाढवं तो खातायत. दुसरीकडे लोकांच्या डोक्यावर अन्नपाणी टांगलंय, ते उड्या मारतायत आणि बाकीचे त्यांच्या पायाखाली खड्डे खणतायत. पुढे एका दाराचं बिजागर, म्हणजे दार ज्याच्यावर फिरतं तो खिळा, एका माणसाच्या उजव्या डोळ्यात रोवलेला, दार उघडलं की तो किंचाळतो.

आत ओसायरिस सोन्याच्या सिंहासनावर, डावी-उजवीकडे थोथ आणि अनुबिस, मध्ये तराजू. आणि आता पारड्यांत काळीज-पीस नाही, वाईट कृत्यं विरुद्ध चांगली कृत्यं. वाईट जास्त भरली तर भक्षक प्राण्याच्या हवाली, आत्मा आणि देह दोन्ही खलास. चांगली जास्त भरली तर देवांच्या सभेत. आणि बरोबर झाली तर सोकार-ओसायरिसची सेवा करणाऱ्या चांगल्या आत्म्यांत. ओसायरिसजवळ उत्तम तागाच्या वस्त्रातला एक माणूस उभा असतो, तो म्हणजे चटईतला गरीब, आणि अंगावरची वस्त्रं त्या श्रीमंताची. डोळ्यात खिळा असलेला तो श्रीमंत.

रुस्तम_दादर

बरोबरीवाल्यांची तिसरी जागा! हमिस्तगानच झालं की हे. तुमच्या लोकांनी आमच्याकडून घेतलं, इजिप्तवर आमच्या राजांचं राज्य होतं 😀

कोपनहेगनकर

रुस्तमजी, राज्य होतं हे खरं, कंबुजियाने ख्रिस्तपूर्व 525 ला जिंकलं. पण हमिस्तगानची सविस्तर वर्णनं ज्या पहलवी ग्रंथांत आहेत ते आजच्या रूपात या गोष्टीच्या कितीतरी नंतरचे आहेत, त्यामुळे कुणी कुणाकडून घेतलं हे ठरवणं अवघड. आणि दोर खाणारी गाढवं तर उघड ग्रीकांकडची, त्यांच्याकडे ओक्नोस नावाचा माणूस पाताळात दोर वळत बसतो आणि गाढवीण खात बसते. टांगलेलं अन्नपाणी टँटॅलसचं. म्हणजे गोष्टीत दोनतीन परलोक आधीच मिसळलेत.

युरोपात पुढे हा तराजू सेंट मायकेल या देवदूताकडे गेला. फ्रान्समध्ये ओताँच्या चर्चच्या दारावर बाराव्या शतकातलं शिल्प आहे, मी ते जवळून पाहिलंय, एका बाजूला देवदूत पारड्यातल्या आत्म्याला सांभाळतोय आणि दुसऱ्या बाजूने सैतान सरळ दांडीला लटकून ओढतोय. नगरच्या दुकानदारांची करंगळी ती हीच.

दुकानदार_नगर

बघितलं शिल्पाचा फोटो. तो सैतान नवशिका आहे, एवढं उघड्यावर कुणी ओढत नाही. पण मला ते इजिप्तवालंच बरं वाटतं, तोलणाऱ्याचे डोळे ओळंब्यावर हवेत. सेतनेच्या गोष्टीत ओळंबा आहे का हो ताई?

मैत्रेयी_प

नाही, गोष्टीत तराजूची तेवढी बारकाई नाही. तिथे थोथ लिहितो आणि अनुबिस सांगतो एवढंच.

घाटावरचा

मी अजून माझ्या मतावर ठाम आहे. गुगल करून चार-पाच पपायरसांची चित्रं बघितली, एकात तर पिसाचं पारडं स्पष्ट खाली वाटतंय, म्हणजे काळीज हलकं. ते कसं?

मैत्रेयी_प

किंचित कललेली दांडी काही चित्रांत वाटते हे खरं. पण तिथेही बाजूचा मजकूर तोच असतो, तराजूवर खरा ठरला एवढाच, हलका म्हणून सुटला असं नाही. तो कल चित्रकाराच्या हाताचा की मुद्दाम काढलेला, हे एका चित्रावरून सांगता येणार नाही. तुमच्याकडचं चित्र कुठलं ते टाका, त्याचा मजकूर शोधून बघू. ब्रिटिश म्युझियमच्या साइटवर EA10470 टाकलं की अनी येतो, EA9901 टाकलं की हुनेफर नावाच्या दुसऱ्या माणसाचा पपायरस.

पल्लवी_स

जोशीबुवा, धन्यवाद, तो अध्याय आज सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांचा पुढचा प्रश्न आहे की पैशाऐवजी आता गाय दिली तर चालेल का, वर्षश्राद्धाच्या आधी.